'पाथेतिक' सोनाटा, दुसरी मूव्हमेंट: ४४ व्या बारमधला ई मेजर नेमका कुठून येतो?

स्वरलेखी (धागाकर्ती)

बीथोव्हेनच्या ओपस १३ मधल्या, म्हणजे १७९९ साली प्रसिद्ध झालेल्या 'पाथेतिक' सोनाटामधल्या अदाजिओचा अभ्यास सध्या आमच्या वर्गात चालू आहे. या मूव्हमेंटमध्ये की जिथे जिथे बदलते ती प्रत्येक जागा शोधायची, पिव्हट कॉर्ड असेल तर ती जुन्या कीमध्ये कोण आणि नव्या कीमध्ये कोण हे दोन ओळींत लिहायचे, असा स्वाध्याय आहे.

माझा नकाशा असा झाला आहे. बार १ ते १६ ए फ्लॅट मेजर. बार १७ ला एफ मायनर सुरू होतो आणि २३ व्या बारला ई फ्लॅट मेजरमध्ये कॅडन्स होते. २९ व्या बारला मूळ चाल ए फ्लॅटमध्ये परत येते. ३७ पासून ए फ्लॅट मायनर, तिथेच साथीत ट्रिप्लेट सुरू होतात, आणि ४४ व्या बारला एकदम ई मेजर. ५१ पासून पुन्हा ए फ्लॅट मेजर, ते शेवटच्या ७३ व्या बारपर्यंत.

यात मी दोन ठिकाणी अडकले आहे. पहिले म्हणजे, एफ मायनरमधून ई फ्लॅटकडे जाताना मी पिव्हट कॉर्ड २३ व्या बारवर दाखवली, कारण नवी की मला तिथे ऐकू आली. ती चुकीची ठरली. दुसरे म्हणजे, ए फ्लॅट मायनर ते ई मेजर या प्रवासाला मी 'एनहार्मोनिक रिइंटरप्रिटेशन, ए फ्लॅट = जी शार्प' असे लिहिले, आणि सरांनी त्याभोवती लाल वर्तुळ करून एवढेच विचारले आहे: 'यात फिरले काय?' एकाच पट्टीला आधी ए फ्लॅट म्हटले आणि मग जी शार्प म्हटले, तर नाव फिरले, असेच उत्तर मला सुचते आहे. पण ते पुरेसे नसावे असे वाटते.

---

पट्टीवाला

मी गायकांना कीबोर्डवर साथ करतो, त्यामुळे हा प्रकार माझ्या रोजच्या कामातला आहे. शेवटच्या कडव्याला गायकाला अर्धी पट्टी वर हवी असते, तेव्हा मी ट्रान्सपोजचे बटण एकदा दाबतो आणि बोटे आहेत तिथेच ठेवतो. ए फ्लॅटवरून ई वर जायचे म्हणजे चार सेमिटोन खाली किंवा आठ वर. सगळे स्वर तेवढ्याच अंतराने सरकवले की झाले. यात दोन नावांच्या कॉर्ड लिहिण्याची गरज कुठे पडते, ते मला खरोखर कळले नाही.

---

मध्यसप्तक

पट्टीवाला, तुम्ही सांगता ते स्थलांतर आहे. गाणे तेच राहते आणि अख्खे उचलून दुसरीकडे ठेवले जाते. कडव्याच्या मधल्या सांध्यात काय घडले हे त्यात विचारात घ्यावे लागत नाही. धागाकर्तीचा प्रश्न त्या सांध्याबद्दलच आहे. संगीत न थांबता, न उडी मारता एका कीमधून दुसरीत जाते, तेव्हा श्रोता कोणत्या पायरीवरून पलीकडे गेला, हे तिला दाखवायचे आहे.

स्वरलेखी, आधी तुमचा पहिला प्रश्न घेतो, कारण तो सुटला की दुसऱ्याची अर्धी वाट मोकळी होते.

नवी की जिथे तुमच्या लक्षात आली तिथे तुम्ही पिव्हट मांडली. ही चूक फार मोठ्या प्रमाणावर होते आणि तिचे कारणही सरळ आहे. पिव्हट कॉर्ड वाजते त्या क्षणी ती पिव्हट आहे हे कोणालाच कळत नाही. ती जुन्या कीमधली एक साधी, ओळखीची कॉर्ड म्हणून येते, आणि पुढच्या एक-दोन कॉर्ड ऐकल्यावर आपण मागे वळून म्हणतो की अरे, ही तर नव्या कीमधलीही होती. म्हणून ती शोधताना कॅडन्सपासून उलट चालत यायचे. नव्या कीमधला, पण जुन्या कीमध्ये न बसणारा पहिला स्वर कुठे आला ते पाहायचे आणि त्याच्या लगेच आधीची कॉर्ड तपासायची.

तुमच्या जागी हे करून पाहू. एफ मायनरला स्वतःची खूण म्हणून ई नॅचरल लागतो, कारण तो त्याचा लीडिंग टोन आहे, सी वरच्या डॉमिनंटमधला मधला स्वर. ई फ्लॅट मेजरला ई नॅचरल चालणार नाही आणि त्याला डी फ्लॅटही नको असतो. त्याची खूण आहे डी नॅचरल, बी फ्लॅटवरच्या डॉमिनंटमधला. तेव्हा पेन्सिल घेऊन १७ ते २३ या सात बारांत दोन गोष्टींवर खुणा करा: शेवटचा ई नॅचरल कुठे आहे आणि बी फ्लॅटच्या डॉमिनंटचा भाग म्हणून आलेला पहिला डी नॅचरल कुठे आहे. त्या दोन खुणांच्या मधल्या पट्ट्यातच तुमची पिव्हट आहे. तिथे एफ मायनरची कॉर्ड जुन्या घरात पहिली, म्हणजे टॉनिक असते आणि ई फ्लॅटच्या घरात दुसरी. दुसरीनंतर डॉमिनंट आणि मग टॉनिक हा तर कॅडन्सकडे जाण्याचा नेहमीचाच रस्ता आहे, त्यामुळे कानाला काहीही खटकत नाही.

या कॉर्डकडे आणखी थोडा वेळ पाहा, कारण बीथोव्हेनने तिच्याकडून फार मोठे काम करून घेतले आहे. १६ व्या बारपर्यंत आपण ए फ्लॅट मेजरमध्ये होतो, आणि त्या घरात एफ मायनर ही सहावी कॉर्ड. म्हणजे १७ व्या बारला ती शेजारीण म्हणून आत येते, आल्यावर काही बार यजमान होऊन बसते, आणि जाताना ई फ्लॅटची दुसरी होऊन दार उघडून देते. तीनही वेळा स्वर तेच आहेत, एफ, ए फ्लॅट आणि सी, आणि त्यांच्या नावातही काही बदल नाही. पिव्हट कॉर्डची ही खरी खूण मानावी: कॉर्डचे स्वर बदलत नाहीत, नावे बदलत नाहीत, फक्त तिचे घरातले नाते बदलते.

परतीच्या वाटेचेही असेच पाहा. २९ व्या बारच्या आधी डी फ्लॅट परत येतो, आणि तो आला की ई फ्लॅटची कॉर्ड टॉनिक न राहता ए फ्लॅटची डॉमिनंट होते.

---

चारही_वाटा

पिव्हटबद्दलचे सगळे पटले. पण दुसऱ्या प्रश्नात धागाकर्तीचे उत्तर बरोबरच आहे असे माझे मत आहे. एनहार्मोनिक रिइंटरप्रिटेशन म्हणजे पियानोवरची पट्टी तीच, कागदावरचे नाव वेगळे. ए फ्लॅट आणि जी शार्प ही एकच पट्टी आहे, आधी फ्लॅट लिहिला होता आणि नंतर शार्प लिहिला, म्हणजे व्याख्या पूर्ण झाली. डिमिनिश्ड सेव्हन्थ कॉर्डचेही तेच आहे. तिच्यातली सगळी अंतरे सारखी, तीन-तीन सेमिटोनांची, म्हणून ती चारही स्वरांना लीडिंग टोन मानून चार वेगवेगळ्या टॉनिकांकडे जाऊ शकते. वेगळ्या आवाजाच्या अशा कॉर्ड मुळात तीनच आहेत. लिहिताना कोणते नाव द्यायचे हा छपाईचा आणि वाचकाच्या सोयीचा प्रश्न आहे, संगीताचा नाही.

---

मध्यसप्तक

चारही_वाटा, डिमिनिश्ड सेव्हन्थबद्दल तुम्ही जे लिहिले ते बरोबर आहे, आणि त्याच्याकडे मी पुढे येतो. मात्र नाव बदलणे आणि अर्थ बदलणे या दोन गोष्टी तुमच्या लेखनात एक झाल्या आहेत, आणि सरांचे लाल वर्तुळ नेमके त्याच ठिकाणी आहे.

ए फ्लॅट मायनरच्या घरात सहाव्या पायरीवर कोणता स्वर आहे? एफ फ्लॅट. त्या पायरीवरची मेजर कॉर्ड एफ फ्लॅट, ए फ्लॅट, सी फ्लॅट अशी होते. मायनर कीमधून तिच्या सहाव्या पायरीच्या मेजरकडे जाणे ही अगदी जवळची वाट आहे. एफ मायनरमधून डी फ्लॅट मेजरकडे जावे तशीच. म्हणजे ४४ व्या बारला आपण जिथे पोहोचतो ते ठिकाण नात्याने एफ फ्लॅट मेजर आहे. पण एफ फ्लॅट मेजर लिहायला सहा फ्लॅट आणि वर एक डबल फ्लॅट लागतो, कारण त्याचा चौथा स्वर बी डबल फ्लॅट आहे. ई मेजरला चार शार्प पुरतात. बीथोव्हेनने वादकाचे डोळे वाचवले आणि ई मेजर लिहिले.

आता सरांचा प्रश्न पुन्हा वाचा: यात फिरले काय? ए फ्लॅट मायनरची टॉनिक कॉर्ड घ्या. एफ फ्लॅट मेजरमध्ये ती तिसरी कॉर्ड आहे. जी शार्प मायनर असे लिहिले तर ई मेजरमध्येही ती तिसरीच कॉर्ड आहे. त्या कॉर्डमधला कोणताही स्वर आधी खाली जाऊ पाहत होता आणि आता वर जाऊ पाहतो आहे, असे घडलेले नाही. सगळेच्या सगळे स्वर एकाच वेळी, एकाच दिशेने नवे नाव घेऊन बसले. संपूर्ण भाग फ्लॅटमध्येच छापला असता तर वाचणे त्रासाचे झाले असते, पण विश्लेषणातले एकही नाते बदलले नसते. म्हणून ही पिव्हट कॉर्डचीच वाट आहे आणि तिच्यावर लेखनाच्या सोयीसाठी नवी नावे चढवली आहेत.

खरे रिइंटरप्रिटेशन पाहायचे असेल तर याच सोनाटाची पहिली मूव्हमेंट उघडा आणि जिथे संथ ग्रेव्ह परत येतो तिथे जा, बार १३३ ते १३६. (एक्सपोझिशनच्या पुनरावृत्तीचे पर्यायी शेवट कसे मोजले यावर एखाद्या प्रतीत बारांचे आकडे मागेपुढे होऊ शकतात, ग्रेव्ह दुसऱ्यांदा येतो ती जागा शोधली की झाले.) हे चार बार जी मायनरमध्ये सुरू होतात आणि १३७ व्या बारला अलेग्रो ई मायनरमध्ये उसळतो. जी मायनरला दोन फ्लॅट, ई मायनरला एक शार्प. या दोघांना जोडणारा साधा रस्ता अरुंद आहे, आणि चारच बारांत तो पार करायचा आहे.

हे काम करते ती एफ शार्प, ए, सी, ई फ्लॅट ही डिमिनिश्ड सेव्हन्थ. जी मायनरमध्ये ती टॉनिकच्या उंबरठ्यावर उभी असलेली कॉर्ड आहे: एफ शार्प हा लीडिंग टोन, तो वर चढून जी होऊ पाहतो, आणि ई फ्लॅट हा सहावा स्वर, तो खाली उतरून डी होऊ पाहतो. बीथोव्हेन ती कॉर्ड आधी या रूपात मांडतो आणि कान जी मायनरची वाट पाहू लागतो. मग तीच कॉर्ड पुन्हा येते तेव्हा ई फ्लॅटच्या जागी डी शार्प लिहिलेला असतो. पट्टी तीच आहे, बोटही तिथेच आहे. पण आता तो डी शार्प ई मायनरचा लीडिंग टोन आहे आणि तो वर चढतो, ई होतो. सी खाली उतरून बी होतो, आणि बी म्हणजे ई मायनरचा डॉमिनंट, ज्याच्या आधारावर पुढची कॅडन्स उभी राहते.

इथे काय फिरले ते बोट ठेवून दाखवता येते: खाली जाणारा स्वर वर जाऊ लागला. आणि एफ शार्प, जो मघाशी सगळ्यांत अधीर होता, तो आता ई मायनरचा दुसरा, बऱ्यापैकी निवांत स्वर झाला.

हे लिहिताना एक गोष्ट मला नेहमी फार सुंदर वाटते. एफ शार्प, ए आणि सी हे तीन स्वर ई मायनरमध्येही त्याच नावांनी राहतात; त्यांना नाव बदलावेच लागत नाही. अख्खा दरवाजा एका बिजागरीवर फिरतो, आणि ती बिजागरी म्हणजे तो एकटा ई फ्लॅट.

---

आल्टो

मी वाद्य वाजवत नाही, समूहगायनात आल्टो गाते, पण वरच्या उत्तरातली ती बिजागरी मी गळ्यातून अनुभवली आहे म्हणून लिहिते.

आम्ही साथीशिवाय एक रचना बसवत होतो. तिच्यात आल्टोंना एक लांब ई फ्लॅट धरायचा होता, आणि पुढच्या बारला तोच स्वर टाय करून डी शार्प असा लिहिलेला होता, मग तिथून ई. प्रत्येक तालमीत आमचा ई खाली यायचा आणि सोप्रानो आमच्याशी जुळवता जुळवता संपूर्ण समूह उतरायचा. आम्हाला वाटायचे की श्वास कमी पडतो आहे. शेवटी आमच्या संचालिकेने आम्हाला फक्त तेवढाच स्वर धरायला लावला आणि सांगितले की आता या स्वरावरून डी वर उतरा. आम्ही उतरलो. मग म्हणाल्या, पुन्हा धरा आणि आता ई वर चढा. दुसऱ्या वेळी स्वर धरतानाच आमच्यातल्या निम्म्याजणींनी तो नकळत किंचित वर नेला होता. पहिल्या वेळी तो डी कडे झुकत होता, दुसऱ्या वेळी ई कडे. त्यानंतर आम्ही कागदावर टायच्या बरोबर मध्यावर वर जाणारा बाण काढला आणि तिथे मनातल्या मनात स्वराचे नाव बदलायचे ठरवले. उतरणे थांबले.

तेव्हा लिहिलेले नाव फक्त वाचकाच्या सोयीचे असते, हे मला मान्य करता येत नाही. आम्हाला ते नाव गावे लागले.

---

चारही_वाटा

ए फ्लॅट मायनर आणि एफ फ्लॅट मेजर यांबद्दल माझी चूक मान्य करतो. मी तिथे केवळ शार्प आणि फ्लॅट पाहिले, नाते पाहिले नाही.

पण एक मुद्दा सोडवत नाही. आल्टो ज्या अनुभवाबद्दल लिहितात तो गळ्याचा आहे, आणि गळा स्वर हलवू शकतो. पियानो हलवू शकत नाही. ग्रेव्हमध्ये डी शार्प लिहिला म्हणून पट्टीतून वेगळा नाद येत नाही. समोर कागद नसलेल्या श्रोत्याला ती कॉर्ड दुसऱ्यांदा ऐकताना तीच जी मायनरची कॉर्ड वाटणार, आणि बदल कळणार तो ई मायनरची कॉर्ड आल्यावर. मग रिइंटरप्रिटेशन नेमके कधी घडले? कॉर्ड वाजली तेव्हा, की ती रिझॉल्व्ह झाल्यावर मागे पाहताना? स्वाध्यायात आपण ते कॉर्डच्या खाली लिहितो, पण ऐकणाऱ्याच्या बाबतीत ते त्या जागी घडतच नाही असे मला वाटते.

---

मध्यसप्तक

हा प्रश्न रास्त आहे आणि याचे एकच उत्तर देणे मला जमणार नाही. माझ्या कानाला पियानोवरही वादक तो बदल आधी सुचवू शकतो असे वाटते, म्हणजे दुसऱ्या वेळी तो डी शार्प किंचित पुढे काढून, वर जाणाऱ्या सुराचा आरंभ असल्यासारखा वाजवून. पण हे वादनाबद्दलचे मत झाले. ज्याने कागद पाहिलेला नाही त्याला कॉर्ड रिझॉल्व्ह होईपर्यंत खात्री नसते, हे तुमचे म्हणणे मी नाकारत नाही. साध्या पिव्हट कॉर्डचेही तसेच असते हे मात्र ध्यानात घ्या. तीही मागे पाहिल्यावरच कळते. फरक एवढाच की तिथे मागे पाहिल्यावर आश्चर्य वाटत नाही आणि इथे वाटते.

---

स्वरलेखी

काल संध्याकाळी पियानोवर बसून करून पाहिले. डाव्या हाताने जी मायनर वाजवला, मग उजव्या हाताने एफ शार्प, ए, सी, ई फ्लॅट, आणि थांबले. आधी ई फ्लॅट डी वर उतरवला आणि एफ शार्प जी वर चढवला: जी मायनर आला. पुन्हा तीच कॉर्ड घेतली, या वेळी ई फ्लॅटला ई वर चढवले, सी ला बी वर उतरवले, ए ला जी वर: ई मायनर आला. दुसऱ्या वेळी सुरुवातीला मी एफ शार्पला सवयीने जी वरच नेले. कॉर्ड ई मायनरचीच झाली, पण जी दोनदा आला आणि कानात जी मायनरची सावली राहून गेली. मग एफ शार्प ई वर उतरवला तेव्हा ती सावली गेली. एफ शार्प आता अधीर राहिलेला नाही, या वाक्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला.

आता दोन शंका. पहिली, ही डिमिनिश्ड सेव्हन्थ दोन्ही घरांत आहे, मग तिलाही पिव्हट कॉर्ड म्हणायचे का? आणि दुसरी, तीन स्वर दोन्ही घरांत नाव न बदलता राहतात, तर एफ शार्प, ए, सी एवढीच कॉर्ड घेऊन, ई फ्लॅट टाळूनच, जी मायनरमधून ई मायनरमध्ये जाता आले नसते का?

---

फळ्यासमोर

मी हा विषय शिकवतो, म्हणून दोन्ही शंकांवर थोडे लिहितो.

पहिलीबद्दल: म्हणायला हरकत नाही, आणि बरेच जण तिला एनहार्मोनिक पिव्हट म्हणतातही. मी विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो की दोन ओळींत नाव लिहिताना वरच्या ओळीत जुन्या कीप्रमाणे स्वर लिहा आणि खालच्या ओळीत नव्या कीप्रमाणे. दोन्ही ओळींत स्वरांची नावे तीच राहिली तर ती साधी पिव्हट. एखादे नाव बदलले आणि त्याबरोबर त्या स्वराची चालही उलटी झाली तर ते रिइंटरप्रिटेशन. सगळीच नावे बदलली आणि कोणाचीच चाल बदलली नाही तर ते फक्त लेखन. तुमच्या सरांचे वर्तुळ तिसऱ्या प्रकाराभोवती आहे.

दुसरी शंका मला मनापासून आवडली. जाता आले असते. एफ शार्प, ए, सी ही तीन स्वरांची कॉर्ड जी मायनरमध्ये सातव्या पायरीवरची आणि ई मायनरमध्ये दुसऱ्या पायरीवरची, तेव्हा ती रीतसर साधी पिव्हट होते. डी मेजरही आहे: जी मायनरचा डॉमिनंट, आणि ई मायनरमध्ये सातव्या पायरीवरची कॉर्ड. पण त्या वाटेने गेल्यास ई मायनरचा लीडिंग टोन आणायला पुढे आणखी एक पाऊल टाकावे लागले असते, आणि तोपर्यंत श्रोत्याला बदलाची कल्पना आली असती. इथे आधीच्या कीची ओढ दाखवणारा स्वर आणि नव्या कीची ओढ निर्माण करणारा स्वर एकाच पट्टीवर आहेत. ग्रेव्हचे चार बार एवढे दाटलेले का वाटतात, त्याचे कारण मला इथे दिसते.

फक्त एक सावधगिरी बाळगा. डिमिनिश्ड सेव्हन्थ चारही दिशांना जाऊ शकते हे एकदा कळले की विद्यार्थी ती जिथे दिसेल तिथे रिइंटरप्रिटेशन लिहू लागतात. बहुतेक वेळा ती आपल्याच कीमध्ये किंवा डॉमिनंटच्या आधी येऊन सरळ रिझॉल्व्ह होते, कोणाचेही नाव बदलत नाही. शिवाय स्वरलेखन हा पुरावा आहे, पण अंतिम नाही. सोपे वाचता यावे म्हणून संगीतकार चालीच्या विरुद्धही नाव लिहितात. शेवटी स्वर कुठे गेला ते पाहावे.

---

पट्टीवाला

आता फरक कळला. मी बटण दाबतो तेव्हा सांधा तयारच होत नाही, म्हणून तो शोधण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. एक विचारतो. डॉमिनंट सेव्हन्थने असे काही करता येते का? माझ्या हातात ती कॉर्ड जास्त असते.

---

मध्यसप्तक

येते, आणि ती दुसरी मोठी वाट आहे. ई फ्लॅट, जी, बी फ्लॅट, डी फ्लॅट ही कॉर्ड घ्या. ए फ्लॅटची डॉमिनंट म्हणून तिचा डी फ्लॅट सी वर उतरतो. त्याच पट्टीला सी शार्प म्हणा, म्हणजे तो वर डी कडे चढतो, ई फ्लॅटही खाली डी कडे उतरतो, आणि दोन्हींच्या मधोमध जी मेजर किंवा जी मायनरचा डॉमिनंट सापडतो. या दुसऱ्या रूपाला जर्मन सिक्स्थ म्हणतात. इथेही फिरतो तो एकच स्वर, आणि त्याची चाल उलटी होते. तुम्ही ती वाजवून पाहा, पण ई फ्लॅट बासमध्ये ठेवा, नाहीतर बासचा डी वर उतरण्याचा परिणाम मिळणार नाही.

---

चारही_वाटा

मूळ मूव्हमेंटकडे परत येऊ. ए फ्लॅट मायनर ते ई मेजर ही साधी पिव्हट आहे हे मानले, तर स्वाध्यायात कोणती कॉर्ड लिहायची? मध्यसप्तक यांनी ए फ्लॅट मायनरची टॉनिक घेतली, जी नव्या घरात तिसरी होते. पण तिसरी कॉर्ड डॉमिनंटकडे नेण्यात दुबळी असते. ए फ्लॅट मायनरची चौथी, डी फ्लॅट मायनर, म्हणजे सी शार्प मायनर, ही ई मेजरमध्ये सहावी होते आणि ती जास्त पटण्यासारखी पिव्हट आहे.

---

फळ्यासमोर

सिद्धांत म्हणून दोन्ही कॉर्ड दोन्ही घरांच्या आहेत. यात मी चारही_वाटा यांच्या बाजूने झुकणार नाही, कारण पिव्हट निवडताना कोणती कॉर्ड चांगली काम करू शकली असती हे पाहायचे नसते, तर त्या बारांमध्ये जुन्या कीची शेवटची निःसंशय खूण आणि नव्या डॉमिनंटची पहिली खूण यांच्या मध्ये प्रत्यक्षात कोण उभे आहे ते पाहायचे असते. स्वरलेखी, तुम्ही ४१ ते ४३ हे तीन बार घ्या, प्रत्येक कॉर्ड आधी सगळी फ्लॅटमध्ये लिहून काढा, डबल फ्लॅट आला तरी चालेल, आणि मग दोन खुणा करा. फ्लॅटमध्ये लिहिल्यामुळे शार्पचा पडदा दूर होईल.

---

मध्यसप्तक

ही सूचना माझ्या उत्तरापेक्षा चांगली आहे. मी टॉनिक घेतली ती नाते समजावण्यासाठी. तिथे तीच पिव्हट आहे असा माझा हट्ट नाही.

---

स्वरलेखी

फ्लॅटमध्ये लिहून काढले. बी डबल फ्लॅट लिहिताना हात दोन वेळा चुकला, पण ४४ व्या बारला एफ फ्लॅट, ए फ्लॅट, सी फ्लॅट असे लिहून झाल्यावर ती कॉर्ड परकी वाटेनाशी झाली. ३७ पासून ४४ पर्यंत वाजवताना पूर्वी मला ई मेजर म्हणजे अचानक उघडलेली खिडकी वाटायची. आता ते ए फ्लॅट मायनरच्याच घरातले वरच्या मजल्यावरचे दालन वाटते.

वहीत आता असे लिहिले आहे. बार १७ ते २३: एफ मायनर ही एफ मायनरमध्ये पहिली, ई फ्लॅटमध्ये दुसरी, पिव्हट शेवटचा ई नॅचरल आणि पहिला डी नॅचरल यांच्या मध्ये. बार ३७ ते ४४: एफ फ्लॅट मेजरकडे साधी पिव्हट, लेखन ई मेजर. पिव्हट कोणती याबद्दल मी दोन्ही कॉर्ड पेन्सिलने लिहिल्या आहेत आणि सरांसमोर वाजवून मगच एक खोडणार आहे.

५१ च्या आधी ए फ्लॅटची डॉमिनंट येते हे स्पष्ट आहे, आणि ई, म्हणजे आपला एफ फ्लॅट, तिथे ई फ्लॅटवर उतरतो असे मला दिसते. ४८ ते ५० मध्ये तो उतार नेमका कोणत्या कॉर्डवर सुरू होतो, आणि त्या कॉर्डमध्ये एखाद्या स्वराची चाल खरोखर उलटते का, हे तपासणे अजून बाकी आहे. ते तीन बारही आधी फ्लॅटमध्येच लिहून काढते आणि मग इथे मांडते.